पीएस५, तीनशे रुपयांचा गल्ला आणि पाच आठवड्यांचं धुकं

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, चाकरमानी परतले, आणि माझा भाऊ जाताना त्याचा पीएस५, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, आमच्याकडे ठेवून गेला. "ताई, दिवाळीत येतो तेव्हा नेईन, तोवर भाच्याला खेळू दे." आमचं घर देवगडच्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून. मी पतसंस्थेत हिशेब बघते. टीव्हीतलं मला रिमोट आणि केबलच्या रिचार्जपलीकडे काही कळत नव्हतं. पुढचे पाच आठवडे त्याचं चित्र टीव्हीवर कधी फिकट, कधी काळं का दिसतं याचा जो शोध चालला, तो सवयीप्रमाणे वहीत तारखा घालून लिहून ठेवला होता. त्या वहीवरून हे लिहितेय, कारण अडलेली असताना मला एका जागी सगळं मराठीत वाचायला मिळालं नव्हतं.

आधी टीव्हीची ओळख. पन्नास इंची, ४के, तीन वर्षांपूर्वी ३४,००० रुपयांना घेतलेला. खोक्यावर 'एचडीआर१०' असं ठळक लिहिलं होतं, म्हणजे जास्त चमक आणि जास्त गडद सावल्या असलेलं एचडीआर चित्र तो घेऊ शकतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळलं की या किमतीचे बरेचसे टीव्ही असेच असतात.

शनिवार, ६ सप्टेंबर. मुलाने पीएस५ जोडला आणि चित्र अगदी झकास आलं. दोन तास सगळं छान चाललं होतं. मग त्याला टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय पोर्टचा एक पर्याय दिसला. पोर्ट जुन्या पद्धतीवर, १.४ वर होता, कारण तिथे आधी केबलवाल्याचा डबा लागलेला होता. त्याने २.० केलं. टीव्ही क्षणभर काळा पडला, कोपऱ्यात 'HDR' अशी पाटी आली आणि गेली. त्यानंतर खेळाच्या पहिल्या पडद्यावरचे काळे भाग राखाडी झाले, रंगांवर पिठूळ पडल्यासारखं झालं. बाहेर ओट्यावर बसलेले नाना, म्हणजे माझे सासरे, आत डोकावले आणि म्हणाले, "ह्या काय रे, चित्राक पावडर लावलंस की काय?"

गंमत म्हणजे त्याच रात्री दुसरा एक खेळ लावला तर तो उलट इतका काळा, की गुहेत शिरल्यावर माणूस कुठे आणि भिंत कुठे ते कळेना. एकच टीव्ही, एकच यंत्र. एक खेळ पांढुरका, एक काळाकुट्ट. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही दोन वेगळी दुखणी आहेत. मी मात्र दोन्हींना एकच औषध शोधत बसले आणि तिथेच तीन आठवडे गेले.

पहिला अंदाज व्होल्टेजचा. आमच्याकडे संध्याकाळी दिवे पिवळे पडतात, पंखा आळसावतो, त्यामुळे गावातल्या वायरमनचं ठाम मत पडलं की टीव्हीला पूर्ण करंट मिळत नाही. ९ सप्टेंबरला त्याने मीटर लावून १९० व्होल्ट दाखवले आणि स्टॅबिलायझर घ्या म्हणाला. मी जवळजवळ घेतलाच होता. पण टीव्हीच्या मागच्या पट्टीवर '100-240V' असं छापलेलं मुलाने दाखवलं. त्या टप्प्यात कितीही व्होल्ट आले तरी आतला वीजपुरवठा पॅनेलला लागेल तेवढंच देतो. व्होल्टेज पडलं म्हणून असा टीव्ही बल्बसारखा मंद होत नाही. शिवाय त्याच १९० व्होल्टवर केबलचं चित्र लख्ख दिसत होतं. स्टॅबिलायझरचे २,८०० रुपये वाचले.

मग माझ्या मनाने घेतलं की खाऱ्या हवेने पॅनेल गेलं. समुद्राकाठी राहणाऱ्यांना ही भीती कायमच असते. १५ सप्टेंबरला कंपनीच्या क्रमांकावर फोन केला. सतरा मिनिटं संगीत ऐकल्यावर तक्रार क्रमांक मिळाला. वॉरंटी संपलेली, त्यामुळे भेटीचे ५९० रुपये. माणूस तालुक्याबाहेरून यायचा होता आणि मध्ये दोन दिवस मुसळधार पाऊस, म्हणून तो २३ तारखेला उगवला. मुलगा शाळेत, मी अर्धी रजा टाकून घरी. त्याने टीव्हीचं स्वतःचं होम उघडलं, यूट्यूबवर एक रंगीत फुलांचा व्हिडिओ लावला, 'पिक्चर' मध्ये जाऊन दोन-चार आकडे वर केले आणि म्हणाला, "मॅडम, चित्र ओके आहे." ओकेच होतं! बिघाड तिथे नव्हताच. तो गेल्यावर पीएस५ लावला तर धुकं जसंच्या तसं.

यातून शिकलेली एक गोष्ट सांगते. तक्रार बंद करायला ते तुमच्याकडे ओटीपी मागतात. ज्या जोडणीवर त्रास होतोय तीच चालू करून दाखवा, पाहून होऊ द्या, मगच ओटीपी द्या. मी आधीच दिला आणि माझी तक्रार कागदोपत्री 'निवारण' झाली. त्याने जाता जाता पॅनेल बदलण्याचा खर्च १४,००० च्या घरात सांगितला होता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

त्याने फिरवलेले आकडे पीएस५ वर का लागू झाले नाहीत, हे कळलं ते नंतर. टीव्ही चित्राच्या सेटिंगच्या वेगवेगळ्या वह्या ठेवतो. प्रत्येक जोडणीची वेगळी, आणि त्यातही साध्या चित्राची वेगळी, एचडीआरची वेगळी. एचडीआरची वही एचडीआर चित्र पडद्यावर चालू असतानाच उघडते. म्हणजे फुलांच्या व्हिडिओवर कितीही बदल करा, ते दुसऱ्याच खात्यात जमा होतात. तेव्हापासून मी नियमच केला: आधी एचडीआर खेळ चालू करायचा, तो थांबवून ठेवायचा, आणि मग टीव्हीचा मेनू उघडायचा.

२५ तारखेला एक वायफळ खर्च केला, तोही लिहिते. भावाने पीएस५ सोबतची मूळ केबल दिलेली होतीच, तरी 'केबल बदलून पाहा' या सल्ल्यावर ९५० रुपयांची तीन मीटरची केबल आणली. रंगात काडीचा फरक नाही. केबल खराब असेल तर चित्र क्षणभर काळं पडतं, ठिपके येतात, टीव्ही 'सिग्नल नाही' म्हणतो. ती चित्र फिकट करत नाही. आकडे एक तर पोचतात नाहीतर पोचत नाहीत. काळे झटके येत असतील तर खारं साचलेलं पोर्ट आणि केबल जरूर तपासा. फिकटपणासाठी त्या वाटेला जाऊ नका.

रविवार, २८ सप्टेंबर. पाऊस उघडला होता. मुलगा आणि मी ठरवून बसलो की आज काही बदलायचं नाही, फक्त बघायचं. पीएस५ मध्ये Settings, मग Screen and Video, मग Video Output असं गेलं की तिथे Video Output Information नावाची ओळ आहे. यंत्र या क्षणी टीव्हीला नेमकं काय पाठवतंय ते तिथे दिसतं. आमच्याकडे होतं:

```
3840x2160 - 60Hz
HDR
YUV422
```

हा खेळ न लावता, नुसत्या मेनूवर असताना! त्याच पानावर HDR समोर Always On असं होतं. म्हणजे खेळ एचडीआरमध्ये बनवलेला असो वा नसो, मेनू असो वा जुना खेळ असो, यंत्र सगळ्याला एचडीआरचा अंगरखा चढवून पाठवत होतं. पांढुरका दिसणारा तो पहिला खेळ मुळात एचडीआर नव्हताच.

आता साधं चित्र आणि एचडीआर यांत फरक काय, हे मला पतसंस्थेच्या भाषेत लावल्यावरच कळलं. साधं चित्र टक्केवारीत बोलतं. ते म्हणतं, हा पांढरा शंभर टक्के, ती सावली दहा टक्के. शंभर टक्के म्हणजे किती उजेड, ते टीव्हीचा मालक ठरवतो. दुपारी उन्हाची तिरीप आली की आपण उजेड वाढवतो आणि सगळंच वर सरकतं. एचडीआर मात्र रुपयांत बोलतं. त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे ठरावीक उजेड. त्याचं माप निट. चोपडीत जागा १०,००० निटपर्यंत आहे, बरेचसे खेळ हजाराच्या आसपास धरून चालतात. आमच्या टीव्हीच्या गल्ल्यात आहेत फार तर तीनशे. हा आकडा खोक्यावर नसतो, पण माहितीपत्रकात कुठेतरी बारीक अक्षरात सापडतो. नसला तरी या किमतीच्या टीव्हीला अडीचशे ते साडेतीनशे धरून चाला.

पांढुरकेपणाचं कारण या गल्ल्यातच आहे. एचडीआर आलं की टीव्ही मागचा दिवा जमेल तेवढा वर नेतो, कारण कुठेतरी चमक दाखवायची वेळ येईल. महाग टीव्हीत तो दिवा तुकड्यातुकड्यांचा असतो. जिथे काळं आहे तिथला तुकडा विझतो. आमच्यात सगळ्या पडद्यामागे एकच सरसकट उजेड. शिवाय पॅनेल आयपीएस, म्हणजे बाजूने पाहिलं तरी रंग टिकतात, पण काळा गडद होत नाही. पांढरा आणि काळा यांच्यात साधारण एक हजारास एक एवढंच अंतर. तीनशे निटचा पांढरा दाखवताना काळ्यातून ०.३ निट झिरपतोच. दुपारी ते कळत नाही. रात्री दिवा मालवून बसलात की तेच राखाडी धुकं. साध्या चित्रात मुलाने मागचा दिवा रात्री चाळिसावर आणलेला असायचा, म्हणून तिथे काळा काळा वाटायचा.

त्याच दिवशी HDR समोरचं Always On काढून On When Supported केलं. आता खेळ खरोखर एचडीआर असेल तेव्हाच यंत्र एचडीआर पाठवतं. दोन सेकंद पडदा काळा, आणि मेनू बराच खणखणीत. नाना चहा पीत बघत होते, काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून तेवढं पुरे.

तो पहिला पांढुरका खेळ मात्र अजूनही किंचित दुधाळच! वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या टीव्हीच्या काळ्या चौकटीपेक्षा स्पष्ट उजळ दिसत होत्या. वैतागून तो आठवडाभर तसाच सोडला. त्याचं कारण पुढे येतंच.

२ ऑक्टोबर, दसरा. सुट्टी होती, यंत्राची पूजा म्हणून पीएस५ ला झेंडूही वाहिला होता, तेव्हा म्हटलं आज काळोखाचा निकाल लावू. हा भाग सावकाश वाचा, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथे होती.

पीएस५ मध्ये Adjust HDR म्हणून एक जुळणी आहे. तीन पडदे येतात. पहिल्या दोनांत उजळ जागेत एक फिकट चिन्ह असतं. वर-खाली बटण दाबून ते जेमतेम दिसेल, नाहीसं होण्याच्या काठावर येईल, असं करायचं. याने यंत्राला कळतं की या टीव्हीच्या गल्ल्यात वरच्या टोकाला किती आहेत. तिसरा पडदा काळ्या टोकाचा. ही जुळणी मुलाने पहिल्याच दिवशी केली होती, पण तेव्हा टीव्ही दुकानातल्यासारख्या भडक प्रीसेटवर होता आणि त्यात 'डायनॅमिक टोन मॅपिंग' चालू होतं. टोन मॅपिंग म्हणजे मागणी मोठी आली की टीव्ही स्वतःच ती दाबून गल्ल्यात बसवतो. आता गंमत बघा. यंत्र विचारतं, हजार आहेत का? टीव्ही हजाराचं तीनशेत दाबून चिन्ह दाखवतो. दोन हजार? तेही दाबून दाखवतो. चिन्ह काही नाहीसं होईना. मुलगा बटण दाबत राहिला, बाविसाव्या दाबाला कंटाळून पुढे गेला. यंत्राने नोंद केली: मोठा श्रीमंत टीव्ही दिसतोय.

मग खेळात काय होतं? यंत्र दोन हजाराच्या हिशेबाने सूर्य, मशाल, खिडकी पाठवतं. टीव्हीकडे तीनशे. त्याला दोनच वाटा: तीनशेच्या वरचं सगळं सपाट पांढरं करून टाकायचं, नाहीतर सगळ्यांचीच कपात करून वरच्यांना जागा करायची. आमचा टीव्ही दुसरी वाट धरायचा. त्यामुळे ज्याने शंभर मागितले त्याच्या पदरात साठ, ज्याने दहा मागितले त्याला चार. गुहेतला माणूस त्या दहावाल्यांतला. सूर्य छान दिसायचा आणि माणूस गडप!

म्हणून कपात एकानेच करायला हवी, आणि ती यंत्राने केलेली बरी, कारण दृश्यात महत्त्वाचं काय ते खेळाला माहीत असतं. महाग टीव्हींत याच कामासाठी 'HGiG' नावाचा पर्याय असतो: टीव्ही म्हणतो, माझ्याकडे एवढेच आहेत, वरचं मी दाबणार नाही, तू आधीच बेताने पाठव. आमच्यात तो नव्हता, म्हणून जवळचं काय ते शोधलं. क्रम असा पडला.

एचडीआर खेळ चालू करून थांबवला आणि टीव्हीत गेम प्रीसेट निवडला. या यादीतलं 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' डोळ्यांना पहिल्यांदा बरं वाटतं, पण जुळणी बिघडवतं ते तेच. मग डायनॅमिक टोन मॅपिंग बंद. मग वीजबचत, जी आमच्यात 'मध्यम' वर होती. हा खरा चोर! साध्या चित्रासाठी तो पर्याय मी कधीच बंद केलेला, पण एचडीआरच्या वहीत तो तसाच चालू होता आणि मागच्या दिव्याला अर्ध्यावर अडवून बसला होता. खोलीचा उजेड ओळखणारा सेन्सर असेल तर तोही बंद करा. रात्री तो चित्र आणखी उतरवतो. मागचा दिवा पूर्ण १०० वर. कॉन्ट्रास्ट जिथे होता तिथेच.

आणि 'ब्राइटनेस' ला हात लावू नका. नाव फसवं आहे. आमच्या टीव्हीत उजेड वाढवणारा पर्याय 'बॅकलाइट' आहे. 'ब्राइटनेस' काळ्याची पातळी उचलतो. चित्र काळं म्हणून मी पहिल्या आठवड्यात तो ५० चा ६५ केला होता, आणि गुहेतला माणूस दिसायचा राहिला बाजूला, गुहाच राखाडी झाली. तो परत ५० वर आणला. काही टीव्हींत मात्र 'ब्राइटनेस' हेच बॅकलाइटचं नाव असतं. ओळखायचं असं: फिरवल्यावर काळ्या पट्ट्या राखाडी होऊ लागल्या तर तो काळ्याचा, पांढरा ढग झगझगू लागला तर तो दिव्याचा.

हे सगळं झाल्यावरच पुन्हा Adjust HDR. खालच्या टोकापर्यंत जाऊन एकेक दाब मोजत वर आले. या वेळी पहिल्या पडद्यावरचं चिन्ह सातव्या दाबाला नाहीसं झालं, दुसऱ्यावरचंही सातव्याला. एकच सरसकट दिवा असल्यामुळे छोटा तुकडा काय आणि पूर्ण पडदा काय, गल्ला तेवढाच, म्हणून दोन्ही आकडे सारखे आले असावेत. चिन्ह जिथे नाहीसं झालं तिथेच थांबले, पुढे एकही दाब नाही. तिसऱ्या पडद्यावर अगदी तळाला ठेवलं. आमचा काळा आधीच राखाडी. यंत्रालाही काळं उचलायला लावलं तर धुक्यात धुकं. पडद्यावर आकडे येत नाहीत, त्यामुळे दाब मोजून वहीत लिहा. माझा सात तुमच्या कामाचा नाही, पण बाविसाचा सात झाला यावरून अंदाज येईल.

गुहेत शिरलो. माणूस दिसला! भिंतीवरचं शेवाळही दिसलं. मुलगा ओरडला, तेव्हा नाना आले, चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "हां, आता माणसां दिसतत."

एका खेळाने तरीही हट्ट सोडला नाही. काही खेळ यंत्राची जुळणी मानतात, काही स्वतःच्या मेनूत वेगळा हिशेब ठेवतात. या खेळात कमाल उजेड १००० निट आणि 'पेपर व्हाइट' १०० असं होतं. पेपर व्हाइट म्हणजे साधा कागद, पांढरी भिंत, पडद्यावरची अक्षरं किती उजळ दिसावीत तो आकडा. कमाल ३०० केली, पेपर व्हाइट १६० केला. सगळं दृश्य उचललं गेलं. पण त्यातच या टीव्हीची मर्यादाही दिसली. कागद १६० वर आणि सूर्य ३०० वर, म्हणजे सूर्य कागदाच्या दुप्पटही नाही. हजार निटच्या टीव्हीवर तो सहापट असतो, आणि एचडीआरची जादू त्या सहापटीत आहे. आमच्या घरी ती येणार नाही. कितीही बटणं दाबली तरी गल्ल्यात नसलेले रुपये येत नाहीत.

रविवार, ५ ऑक्टोबर. राहिलेलं दुधाळ प्रकरण. पुन्हा Video Output Information उघडलं, या वेळी साधं चित्र चालू असताना. रंगाच्या ओळीत आता YUV422 नव्हतं, RGB होतं. हे रंगांचे आकडे पाठवायचे दोन वेगळे प्रकार. आणि मग पेटली. RGB पाठवताना काळा आकडा दोन प्रकारे लिहितात: पूर्ण पट्टीत काळा म्हणजे ० आणि पांढरा २५५, मर्यादित पट्टीत काळा १६ आणि पांढरा २३५. पाठवणाऱ्याने १६ ला काळा म्हटलं आणि घेणाऱ्याने ० ला काळा धरलं, तर काळा राखाडी दिसणारच. उलट झालं तर गडद सावल्या एकमेकींत बुडून काळ्याठिक्कर होतात. पीएस५ वर RGB Range समोर Limited होतं, भावाने मुंबईत कधीतरी केलेलं. टीव्हीवर त्या पोर्टची पट्टी 'फुल' होती, आमच्यापैकीच कुणीतरी बटणं दाबताना झालेली. दोन्हीकडे 'ऑटो' केलं, पीएस५ वर Automatic. काळ्या पट्ट्या टीव्हीच्या चौकटीत मिसळून गेल्या.

एवढे दिवस हे लपलं का होतं? कारण ४के, ६० हर्ट्झ, एचडीआर एवढं सगळं या टीव्हीच्या एचडीएमआय २.० मधून RGB मध्ये मावत नाही, म्हणून यंत्र YUV वर जातं, आणि तिथे RGB Range चा संबंधच येत नाही. पोर्ट २.० केल्यापासून Always On होतं तोवर RGB आलंच नव्हतं. धुकं दोन थरांचं होतं. वरचा काढला तेव्हा खालचा दिसला. पहिल्या दिवशी १.४ वर असताना मात्र चित्र चांगलं होतं, म्हणजे टीव्हीची पट्टी त्यानंतरच कधीतरी बदलली. मुलगा म्हणतो आई तूच, मी म्हणते तू.

१२ ऑक्टोबरपर्यंत रोज थोडं खेळून, एकही आकडा न बदलता पाहिलं. सध्याची व्यवस्था अशी आहे. दुपारी तीन ते सहा पश्चिमेचं ऊन थेट पडद्यावर येतं. तेव्हा एचडीआर पूर्ण बंद, HDR समोर Off. साध्या चित्रात पेपर व्हाइटलाही सगळे तीनशे देता येतात, एचडीआरमध्ये १६० च्या वर गेलं की चमकेला काही उरत नाही. उन्हात एचडीआर काळं वाटण्याचं कारण एवढंच. रात्री On When Supported. पण दिवा पूर्ण मालवायचा नाही, टीव्हीच्या मागे एक लहान पिवळा दिवा लावून ठेवतो. त्याने राखाडी काळा डोळ्यांना काळा वाटतो. हा दिवा घरातच होता, गणपतीच्या मखरातला.

एकूण खर्च १,५४० रुपये, त्यातला एकही रुपया कामी आला नाही. पॅनेल ठणठणीत आहे.

भावाला फोन करून सांगून ठेवलंय: दिवाळीनंतर यंत्र नेलंस की तुझ्या टीव्हीवर आधी Adjust HDR पुन्हा कर. नाहीतर तुझ्या लाखाच्या टीव्हीलाही ते आमच्यासारखंच सात दाबांत बसवून ठेवेल, आणि तू म्हणशील ताईने बिघडवलं.